धागा: फोटोतलं इंग्रजी पत्र अरबीत करायचं आहे. मायना, शेवट आणि आदराची पातळी कशी सांभाळू?

डाळिंब_सांगोला

नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या शेतकरी उत्पादक कंपनीचं एक पत्र मस्कतला जायचं आहे. ओमानच्या शेतीखात्यातले अधिकारी एका प्रदर्शनात आमच्या डाळिंबाच्या स्टॉलवर येऊन गेले. त्यांचे आभार मानायचे आणि भेटीची वेळ मागायची, एवढाच मजकूर. अध्यक्षांनी लेटरहेडवर इंग्रजीत पत्र तयार केलं, सही-शिक्का झाला आणि मग ठरलं की सोबत अरबी प्रतही पाठवायची. मी अरबीचा दोन वर्षांचा डिप्लोमा केलाय म्हणून काम माझ्याकडे आलं. मूळ पत्र कार्यालयात फाइलला आहे, मला व्हॉट्सॲपवर फोटो मिळाला आहे. वरच्या उजव्या कोपऱ्यावर फ्लॅशचा पांढरा डाग आहे आणि गोल शिक्का सहीवर बसलाय.

मजकूर जमला. अडलोय ते कडेच्या गोष्टींवर. 'रिस्पेक्टेड सर', पुढे 'डिअर सर', शेवटी 'काइंडली डू द नीडफुल', 'थँकिंग यू', 'युअर्स फेथफुली'. 'डिअर सर'चं मी शब्दकोश बघून 'अझीझी अस्-सय्यिद' केलं. वाचताना कानाला खटकतंय, पण का ते सांगता येत नाही. आणि 'युअर्स फेथफुली'ला तर शब्दच सापडेना.

सहज_सुचलं

सोपं आहे. वर 'बिस्मिल्लाह', मग 'अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाही व बरकातुहू', खाली 'वस्सलाम'. आखाती देशांत याशिवाय पत्र स्वीकारतच नाहीत. माझे काका कुवेतला होते, त्यांची सगळी पत्रं अशीच असायची.

फिरस्ता

'अझीझी' म्हणजे 'माझ्या लाडक्या' ना? अधिकारी खूश होतील पण!

तर्जुमा_रत्नागिरी

मी मस्कतमध्ये एका खासगी कचेरीत पत्रव्यवहार आणि भाषांतराचं काम बावीस वर्षं केलं, आता गावी असते. डाळिंबदादा, तुमच्या कानाला खटकलं ते बरोबरच आहे. 'अझीझी' ओळखीच्या माणसाला, बरोबरीच्याला किंवा वाचकाला-ग्राहकाला चालतं. खात्याच्या अधिकाऱ्याला लिहिलं तर आपण मराठीत 'प्रिय साहेब' लिहिल्यासारखं होतं. इंग्रजीतल्या 'डिअर'ला अर्थ उरलेला नाही, तो नुसता सांगाडा आहे. अरबीत तसा सांगाडा नाही, म्हणून 'डिअर'चं भाषांतरच करायचं नाही.

अरबी पत्रात आदर मायन्यात नसतो, पत्त्याच्या ओळीतच असतो. आधी हुद्द्याला शोभणारं आदराचं पद, मग नाव आणि पद, आणि त्याच ओळीच्या डाव्या टोकाला 'अल-मुहतरम'. ही ओळ झाली की 'रिस्पेक्टेड सर'चं काम संपलं. तिच्या खाली 'तहिया तय्यिबा, व बाद' म्हणजे 'सादर नमस्कार, यानंतर', आणि थेट मजकूर सुरू.

आता खरा प्रश्न: पत्र नक्की कोणाला आहे? ओमानमध्ये मंत्र्याला 'मआली', उपमंत्र्याच्या दर्जाच्या सचिवाला आणि राजदूताला 'सआदा'. त्याखालच्या अधिकाऱ्याला, अगदी महासंचालकालाही, 'अल-फादिल'. बाई असेल तर 'अल-फादिला'. तुम्ही लिहिलंय तसं 'अस्-सय्यिद' इजिप्तमध्ये 'श्री'सारखं कोणालाही लागतं, पण ओमानमध्ये ते राजघराण्यातल्या माणसांच्या नावाआधी येणारं पद आहे. साध्या अधिकाऱ्याला लावलं तर कोणी रागवत नाही. मात्र पत्र लिहिणारा बाहेरचा आहे हे पहिल्याच शब्दात कळतं.

तुमच्या फोटोत पत्त्याच्या ओळी पूर्ण दिसताहेत का? त्या नीट वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मोडीवाचक

'व बाद' वाचून फार आनंद झाला. आपल्या जुन्या पत्रांत 'विनंती विशेष' असतं ते याच कामाचं. नमस्कार-चमत्कार संपले, आता मुद्दा, असं सांगणारी ती खूण. स.न.वि.वि. लिहिणाऱ्या पिढीला ही अरबी पद्धत इंग्रजीपेक्षा जवळची वाटेल.

डाळिंब_सांगोला

ताई, मनापासून आभार. तुम्ही विचारलंत म्हणून फोटो मोठा करून पाहिला. फ्लॅशच्या डागाखाली नेमकी तीच ओळ आहे. 'टू,' दिसतं, पुढे 'सेक्रेटरी' हा तुकडा आणि खाली मंत्रालयाचं नाव. मी सेक्रेटरी म्हणजे कोणी साधे सचिव धरून चाललो होतो. आज कार्यालयातल्या मुलाला खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून, कागदाच्या बरोबर वरून फोटो काढायला सांगितलं. नव्या फोटोत ओळ आहे: 'एच. ई. द अंडरसेक्रेटरी'. खाली 'कॉपी टू: द डायरेक्टर जनरल'.

म्हणजे मआली की सआदा? एच. ई., म्हणजे हिज एक्सलन्सी, तर मंत्र्यालाही लावतात.

तर्जुमा_रत्नागिरी

इथेच इंग्रजी दगा देतं. मआली आणि सआदा, दोन्हींचं इंग्रजी एच. ई.च होतं. म्हणून त्या दोन अक्षरांवरून कधी ठरवायचं नाही, पुढचं पद वाचायचं. अंडरसेक्रेटरी म्हणजे सआदा. त्या पदाचं अरबी नाव 'वकील अल-विझारा'. इथे आपली माणसं हमखास चुकतात, कारण वकील म्हटलं की आपल्याला कोर्ट दिसतं. शब्द तोच आहे. आपल्याकडे तो दुसऱ्याच्या वतीने बोलणारा म्हणून कोर्टात गेला, तिकडे मंत्र्याच्या वतीने काम बघणारा म्हणून मंत्रालयात राहिला.

तेव्हा वर 'सआदा' आणि खाली प्रत ज्यांना जाते त्या महासंचालकांना 'अल-फादिल'. एकाच पत्रात दोन पातळ्या, आणि तशाच असायला हव्यात. दोघांनाही सआदा करून टाकलंत तर वरच्यांचा मान कमी होतो.

दम्मामचा_दादा

ताईंचं ओमानपुरतं बरोबर असेल, पण सौदीत असं नाही. इथे आम्ही महासंचालक सोडा, मोठ्या कंपनीच्या व्यवस्थापकालाही 'सआदा' लिहितो. नावापुढे 'अल-मुहतरम' आणि वर 'सल्लमहुल्लाह'. 'अल-फादिल' लिहिलेलं पत्र माझ्या साहेबाने बघितलं तर विचारेल, याला एवढं कोरडं का लिहिलं? त्यामुळे सरसकट नियम सांगू नका.

तर्जुमा_रत्नागिरी

दादा, नियम ओमानचाच सांगितला, पत्र मस्कतला जातंय म्हणून. तुमचं सौदीचं मान्य आहे. एकाच भाषेत दोन देशांचं वजन वेगळं असतं, म्हणून पत्र कुठे जातंय हे आधी विचारायचं.

शिल्पा_नगर

मला पण हाच त्रास झाला! नवऱ्याचं अनुभवाचं प्रमाणपत्र अरबीत करून घेतलं होतं. मूळ कागदावर 'टू हूम सो एव्हर इट मे कन्सर्न' होतं. भाषांतरकाराने वर छान सलाम वगैरे घातला, शेवटही एकदम भारदस्त केला, पण लेटरहेडवरचा मजकूर आणि शिक्का सोडून दिला. तिकडच्या कचेरीतून कागद परत आला. भाषांतर मूळ कागदाशी जुळत नाही म्हणाले. तुम्ही पण आधी शिक्का मारलेलं, परवानाधारक भाषांतरकाराकडून करून घ्या. नोटरी कुठे करायची ते कोणाला माहीत आहे का?

तर्जुमा_रत्नागिरी

शिल्पाताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण इथे आलात ते बरं झालं, कारण दोन्ही कामं शेजारी ठेवली की फरक दिसतो.

तुमच्या मिस्टरांचा कागद पुरावा आहे. वाचणारा अधिकारी हे पाहतो की मूळ कागदावर काय आहे. तिथे भाषांतरकाराने आपल्याकडून नम्रता घालायची नाही आणि काढायचीही नाही. मूळात सलाम नाही तर अरबीतही नाही. 'टू हूम सो एव्हर'चं ठरलेलं अरबी आहे, 'इला मन यहुम्मुहु अल-अम्र', तेवढंच लिहायचं. लेटरहेडवरची प्रत्येक ओळ यायला हवी. बोधचिन्ह असेल तर चौकटी कंसात 'शिआर', सहीच्या जागी 'तौकी', शिक्क्याच्या जागी 'खत्म' आणि आत जे वाचता येतं ते. फोटोत पुसट असेल तर 'गैर मक्रू', म्हणजे वाचता येत नाही. अंदाजाने भरायचं नाही. अमिरातीत तर असे कागद तिथल्या न्याय मंत्रालयाचा परवाना असलेल्या भाषांतरकाराकडूनच लागतात.

डाळिंबदादांचं पत्र पुरावा नाही. ते समोरच्याशी बोलणारं पत्र आहे. अध्यक्ष अरबीत लिहीत असते तर कसं लिहिलं असतं, ते लिहायचं. इथे 'युअर्स फेथफुली'चा शब्द शोधत बसणं म्हणजे 'आपला विश्वासू' इंग्रजीत शब्दशः करण्यासारखं आहे.

शिल्पा_नगर

अस्सं! म्हणजे आमच्या भाषांतरकाराने दुसऱ्याच प्रकारचं पत्र लिहिलं. आता कळलं. नोटरीसाठी वेगळा धागा काढते.

सहज_सुचलं

पण बिस्मिल्लाहचं काय? ते सोडलं तर उद्धट नाही वाटणार?

तर्जुमा_रत्नागिरी

नाही वाटणार. ओमानी किंवा सौदी सरकारी पत्रांच्या माथ्यावर ते असतं हे तुमच्या काकांनी खरंच पाहिलं असेल. पण परदेशी कंपनीने ते घातलंच पाहिजे असं नाही. 'तहिया तय्यिबा, व बाद' पूर्ण सभ्य आहे, इजिप्तमध्ये आणि लेबनॉनमध्ये मुसलमान, ख्रिश्चन सगळेच लिहितात. पत्र परत येतं ही गोष्ट मी बावीस वर्षांत पाहिली नाही.

दम्मामचा_दादा

सलाम मात्र घालावा असं माझं मत. मी हिंदू, आमच्या कचेरीतले केरळी ख्रिश्चनही घालतात. रोज तोंडी म्हणतो तेच कागदावर. जवळीक वाटते.

तर्जुमा_रत्नागिरी

तोंडी मीही सगळ्यांच्या तोंडून ऐकलंय. पण तुम्ही तिथे राहता, तुमची ओळख आहे. सांगोल्याहून पहिलंच पत्र जाताना मी 'तहिया' निवडेन. यावर आमच्या कचेरीतही दोन मतं होती, आणि दोन्ही बाजूंची पत्रं पोचत होती.

डीटीपी_किरण

मला अरबी येत नाही, पण एका ट्रॅव्हल एजन्सीची अरबी पत्रकं जुळवतो, म्हणून एक सांगतो. लेटरहेडवरचे आकडे नीट बघा. उजवीकडून डावीकडे चालणाऱ्या ओळीत अरबी शब्दानंतर 45/2023 तिरक्या रेघेने लिहिलं तर तसंच राहतं. मधे आडवी रेघ असेल तर मात्र 45-2023 चं 2023-45 दिसायला लागतं. फोन नंबरचंही तेच. +91 मधलं अधिकचं चिन्ह उडी मारून आकड्याच्या उजवीकडे जातं आणि रेघांनी तोडलेले गट उलट्या क्रमाने लागतात. टाईप करताना सगळं बरोबर केलेलं असतं, त्यामुळे आपल्याला वाटतं पाहणाऱ्याची चूक. उपाय म्हणजे नंबरच्या आधी आणि नंतर डावीकडून उजवीकडची अदृश्य खूण टाकायची, वर्डमध्ये `200E` टाईप करून, तेवढीच चार अक्षरं निवडून `Alt+X`, नाहीतर शेजारचे आकडेही त्यात ओढले जातात. किंवा नंबर वेगळ्या चौकटीत ठेवून तिची दिशा बदलायची. पीडीएफ काढल्यावर मूळ फोटोशी एकेक आकडा ताडून बघा.

मोडीवाचक

आकड्यांवरून आठवलं, पत्रावर जावक क्रमांक असेलच. त्याला अरबीत काय?

तर्जुमा_रत्नागिरी

'सादिर' म्हणजे बाहेर जाणारं, 'वारिद' म्हणजे आत येणारं. आवक-जावकची जोडी जशीच्या तशी आहे. विषय म्हणजे 'अल-मौदू', सोबतची कागदपत्रं 'अल-मुरफकात'. आपल्या सरकारी पत्राचा साचा पाठ असलेल्या माणसाला अरबी पत्र परकं वाटत नाही.

डाळिंब_सांगोला

कालचा रविवार याच्यावर घालवला. मसुदा करून पाहिला, मुद्द्याच्या ओळी देतो.

पत्त्याची ओळ: 'सआदा वकील अल-विझारा, अल-मुहतरम'. मग 'तहिया तय्यिबा, व बाद'. पुढे स्टॉलवर आल्याबद्दल 'नश्कुरुका', तुमचे आभार मानतो. मग भेटीची वेळ. 'काइंडली डू द नीडफुल'साठी 'इत्तिखाझ मा यल्झम' सापडलं, अगदी शब्दाला शब्द, फार आनंद झाला. शेवटी 'नश्कुरुकुम' आणि 'वतफद्दलू बि-कबूल फाइक अल-इहतिराम'. सहीच्या वर 'अल-मुख्लिस', युअर्स फेथफुली म्हणून.

तर्जुमा_रत्नागिरी

चांगला मसुदा आहे. तीन जागा बदला.

पहिली: तुम्ही एकदा 'नश्कुरुका' लिहिलंय आणि एकदा 'नश्कुरुकुम'. पहिलं 'तुला' आहे, दुसरं 'तुम्हांला'. वर सआदा म्हणून खाली 'तुझे आभार' म्हणणं मराठीत कसं दिसेल ते बघा. एक माणूस असला तरी 'कुम' ठेवा, आणि त्याहून चांगलं म्हणजे सर्वनामाच्या जागी पदच वापरा: 'सआदतुकुम', आपली सआदा. जे पद पत्त्याच्या ओळीत, तेच मजकुरात, तेच शेवटी. मंत्र्याला लिहिताना हेच 'मआलीकुम' होईल. पत्र तपासताना मी बाकी काही न वाचता फक्त ही सर्वनामं खालून वर वाचत जाते. घाईत केलेल्या भाषांतरात तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात एखादा 'का' सुटलेला असतोच.

दुसरी: 'इत्तिखाझ मा यल्झम' म्हणजे खरंच नीडफुल, पण तो शेरा वरून खाली जातो. साहेब कागदावर लिहून हाताखालच्याकडे पाठवतो, आपल्याकडे 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' लिहितात तसा. आपण खालून वर मागतोय. म्हणून 'नअमुलु मिन सआदतिकुम अत्-तकर्रुम बि-तहदीद मौइद', आपण कृपा करून वेळ ठरवावी अशी आशा आहे. 'तकर्रुम' या एका शब्दात विनंतीचा सगळा नम्रपणा येतो. तो एकदाच वापरा, प्रत्येक वाक्यात घातला तर पत्र अर्जासारखं दिसतं.

तिसरी: 'अल-मुख्लिस' काढा. 'थँकिंग यू' आभाराच्या वाक्यात आलं, 'युअर्स फेथफुली' 'वतफद्दलू'च्या ओळीत आलं. ती ओळ अशी करा: 'वतफद्दलू सआदतुकुम बि-कबूल फाइक अल-इहतिराम वत्-तकदीर'. त्याखाली सही, नाव, पद. शिल्पाताईंसारख्या पुराव्याच्या कागदात 'अल-मुख्लिस' ठेवावं लागलं असतं, कारण तिथे मूळातली प्रत्येक ओळ दाखवायची असते.

फिरस्ता

म्हणजे अरबीतही अहो-जाहो आहे तर. माझी अर्धी भीती गेली.

डाळिंब_सांगोला

तिन्ही बदल केले. सर्वनामं खालून वर वाचली आणि खरंच आणखी एक 'का' सापडला, प्रदर्शनाच्या वाक्यात.

आता एकच उरलं. लेटरहेडच्या माथ्यावर '॥ श्री गणेश प्रसन्न ॥' आहे. अरबी प्रतीत त्याचं काय करू? अध्यक्षकाकांना ते हवंच आहे.

सहज_सुचलं

त्या जागी बिस्मिल्लाह घाला, भाव तोच.

मोडीवाचक

मुळीच नाही. एका श्रद्धेच्या ओळीच्या जागी दुसरी ठेवणं हे भाषांतर नव्हे. पत्र पाठवणारा कोण आहे हेच त्यात बदलून जातं.

तर्जुमा_रत्नागिरी

मोडीवाचकांशी सहमत. माझा सल्ला असा की लेटरहेडचं भाषांतर करूच नका. कंपनीच्याच कोऱ्या लेटरहेडवर अरबी मजकूर छापा. माथा जसा आहे तसा राहील, काकांचा गणपतीही राहील. कंपनीचं नाव मजकुरात एकदा अरबी लिपीत उच्चाराप्रमाणे लिहा आणि शेजारी इंग्रजीत ठेवा, म्हणजे नोंदणीच्या कागदाशी ताडता येईल. नावाचा अर्थ सांगायला जाऊ नका.

दम्मामचा_दादा

मी असतो तर अरबी प्रत साध्या कागदावर काढून मूळ पत्रामागे जोडली असती. सही-शिक्का एकाच कागदावर असलेला बरा. दोन्हींवर सही केली आणि उद्या मजकुरात फरक निघाला, तर खरं पत्र कोणतं?

डाळिंब_सांगोला

हा मुद्दा काकांना विचारला. ते म्हणाले, सही दोन्हींवर करतो, पण अरबी मला वाचता येत नाही, तेव्हा तू प्रत्येक ओळ मराठीत वाचून दाखव. उद्या सकाळी कार्यालयात बसतोय. कोरं लेटरहेड की साधा कागद, ते तिथेच ठरेल. किरणदादा, फोन नंबरला खूण टाकली, पीडीएफमध्ये अधिकचं चिन्ह आता जागेवर आहे, पण फॅक्सच्या नंबरात अजून गट उलटे दिसताहेत. त्यात रेघेऐवजी मोकळी जागा आहे. तिथेही तोच उपाय का?

डीटीपी_किरण

मोकळ्या जागेनेही गट उलटतात. या नंबरात प्रत्येक मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंना खूण टाकून बघा. नाहीच जमलं तर जागा काढून आकडे सलग लिहा.